पलंग दोन फरशांचा की अडीच?

*"आईचा राजेंद्रनगरातला तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकायचा आहे. आई आता भावाकडे पुण्याला असते, सामान सगळं हलवलं, खोल्या रिकाम्या आहेत. ब्रोकरने मोबाइलवर फोटो काढले आणि दोन दिवसांत परत पाठवले, तर मागच्या बेडरूममध्ये डबल बेड, दोन साइड टेबल, कपाट, स्टडी टेबल, पडदे, सगळं आलेलं! भिंतीला छान फिका हिरवा रंग. खोली १० बाय ११ फूट आहे, फोटोत मात्र हॉलएवढी वाटते. खिडकीखाली पावसाळ्यात ओल येते, तो डाग फोटोत नाही. ब्रोकर म्हणतो, 'दीदी, आजकल सब यही करते हैं, खाली कमरा कौन देखता है.' यजमान म्हणतात ही फसवणूक आहे, लहान जाऊ म्हणते ही नुसती सजावट. असा फोटो टाकावा का? आणि टाकला तर फर्निचर खोटं आहे हे कुठे आणि कसं लिहायचं?"*

*— एक वाचक, इंदूर*

ताई, यजमानांचं आणि जाऊबाईंचं, दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे. फर्निचर चढवलेला फोटो टाकायला माझी हरकत नाही. पण ब्रोकरने पाठवलेला हा फोटो टाकू नका. त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी झाल्यात आणि त्या एकाच फोटोत असल्यामुळे तुमच्या घरी वाद चाललाय. तिन्ही सुट्या करून पाहू.

रिकामी खोली फोटोत नेमकी केवढी आहे हे कुणालाच कळत नाही, ही ब्रोकरची तक्रार खरी आहे. मी तीस-बत्तीस वर्षं नकाशे काढायचं काम केलं. रिकाम्या खोलीत उभं राहूनही लोक 'इथे पलंग मावेल का हो?' असंच विचारतात. डोळ्याला मोजायला काहीतरी ओळखीचं लागतं. त्यामुळे पलंग दाखवला तर ती घेणाऱ्याची मदतच आहे. अट एवढीच की तो पलंग पलंगाएवढा असावा.

आता तुमच्याकडे दोन फोटो असतील, रिकामा आणि सजवलेला. नसेल तर रिकामा मागून घ्या, तो ब्रोकरच्या फोनमध्ये असणारच. राजेंद्रनगरच्या त्या काळातल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये मागाहून व्हिट्रिफाइड टाइल बसवलेल्या असतात. तुमच्याकडेही असल्या तर त्या बहुतेक दोन फूट बाय दोन फुटांच्या असतील. एकदा टेपने मोजून घ्या. ही जमीन म्हणजे तुमच्या हातातली मोजपट्टी आहे. १० फुटांच्या बाजूला पाच टाइल, ११ फुटांच्या बाजूला साडेपाच, म्हणजे एका टोकाला अर्धी कापलेली. ती कापलेली टाइल कोणत्या भिंतीला आहे ते आधी पाहा, नाहीतर मोजणीत एक फुटाचा घोळ होतो.

मग सजवलेला फोटो मोठा करून, पलंगाच्या मोकळ्या बाजूने, उशाकडच्या भिंतीपासून पायथ्यापर्यंत टाइलचे सांधे मोजा. फोटोत लांबची टाइल लहान दिसते आणि जवळची मोठी, त्याने घाबरू नका. सांधेही त्याच प्रमाणात लहान-मोठे होतात, म्हणून बोटाने लांबी न मापता नुसत्या टाइल मोजायच्या. नंतर पायथ्याशी या आणि पलंगाखालून किती टाइल बाहेर डोकावतात ते पाहून रुंदी मोजा.

बाजारातला साधा क्वीन पलंग ५ फूट बाय साडेसहा फूट असतो. म्हणजे रुंदीला अडीच टाइल, लांबीला सव्वातीन. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज सांगतो: १० बाय ११ च्या खोलीत डबल बेड, दोन टेबलं, कपाट आणि स्टडी टेबल, शिवाय मधे चालायला ऐसपैस जागा असेल, तर तो पलंग दोन टाइल रुंद आणि अडीच टाइल लांब निघेल. म्हणजे ४ फूट बाय ५ फूट. दिसायला डबल बेड, मापाने पाळण्याच्या पुढची पायरी. त्यावर आपल्या घरातला माणूस झोपेल, पण गुडघे पोटाशी घेऊन.

हे ब्रोकरने मुद्दाम केलं असेलच असं नाही. हल्ली हे काम मोबाइलवरची एआयची अॅप करतात. रिकामा फोटो दिला, 'बेडरूम, मॉडर्न' असं निवडलं, की अर्ध्या मिनिटात चित्र तयार. त्या अॅपला तुमची खोली किती फुटांची आहे हे ठाऊक नसतं. ते फोटो बघून अदमास घेतं. त्यात ब्रोकरने फोटो बहुतेक 0.5x वर काढलेला असणार. कोपऱ्यात उभं राहून चारही भिंती एका फोटोत घ्यायच्या तर तोच सोपा मार्ग. पण त्या भिंगातून मागची भिंत लांब पळते आणि कडेच्या वस्तू ताणल्या जातात. अॅपला वाटतं, बापरे, केवढी जमीन! मग ती भरून काढायला ते आणखी वस्तू ठेवतं, आणि मावल्या पाहिजेत म्हणून लहान ठेवतं. पूर्वी हेच काम कलाकार थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करायचे तेव्हा वस्तूला निदान माप द्यावं लागे. आता माप विचारणारं कुणी नाही.

कधी कधी अॅप जमीनच बदलून टाकतं. टाइलच्या जागी लाकडी पट्ट्या येतात आणि तुमची मोजपट्टी गायब. कधी टाइल राहतात पण पाचाच्या सात होतात. म्हणून मोजणी आधी रिकाम्या फोटोत करा आणि मग सजवलेल्यात. आकडा जुळला नाही तर पुढे काही तपासायची गरजच नाही, फोटो बाद.

खरं माप घेतलं तर खोलीत काय मावतं ते आता कागदावर पाहू, कारण घेणारा तेच विचारणार आहे. पलंगाचं उसं खिडकीच्या १० फुटी भिंतीला लावलं, तर पलंगाचे ५ आणि दोन टेबलांचे दीड-दीड मिळून ८ फूट. ते बसतं. लांबीत ११ मधून साडेसहा गेले, साडेचार उरले. समोरच्या भिंतीला २ फूट खोलीचं कपाट ठेवलं की मधे अडीच फूट वाट राहते. कपाटाचं दार उघडताना माणसाला जरा सरकावं लागेल, पण चालतं. स्टडी टेबल मात्र कुठेच जात नाही. पलंगाच्या बगलेला अडीच फूट आहेत, त्यात दीड फुटाचं टेबल टाकलं तर खुर्चीला एक फूट उरतो. त्या खुर्चीवर बसणाऱ्याचे पाय पलंगावर!

आपल्याकडचा प्रश्न तर पुढचाच असतो, 'किंग येईल का?' सहा फुटी बॉक्स पलंग. येतो. पलंगाचे ६ आणि दोन टेबलांचे ३ मिळून ९ फूट, म्हणजे साइड टेबलंही बसतात, फक्त पलंगाच्या दोन्ही बगलांची वाट अर्ध्या-अर्ध्या फुटाने कमी होते. हे प्रामाणिकपणे दाखवलं तर तुमची खोली वाईट दिसत नाही. १० बाय ११ ची खोली ही चांगली, नेहमीच्या मापाची बेडरूम आहे. तिला हॉल करून दाखवायची गरज नव्हती.

आता भिंत. इथे मी यजमानांच्या बाजूने आहे.

माझा एक साधा नियम आहे. रजिस्ट्रीनंतर जे टेम्पोत भरून नेता येतं, ते चित्रात घाला. जे घराबरोबरच विकलं जातं, त्याला हात लावू नका. पलंग, गालिचा, टेबल, कुंडी, पुस्तकांचा घोडा हे टेम्पोतलं. भिंत, तिचा रंग, जमीन, खिडकी, खिडकीबाहेरचं दृश्य, बीम, खांब, स्विचबोर्ड, दारं हे घराचं. फिका हिरवा रंग तुमच्या भिंतीवर नाही, मग तो चित्रातही नको. आणि अॅप रंग लावतं तेव्हा नुसता रंग बदलत नाही. ते सगळं चित्र नव्यानं रंगवतं, त्यात तडा, पोपडा, ओलीचा डाग, वायरची केसिंग पट्टी सगळं पुसून जातं. कुणी 'डाग काढ' म्हटलेलं नसतं, तरी डाग जातो.

तपासायची युक्ती सोपी आहे. दोन्ही फोटो गॅलरीत शेजारी ठेवा आणि बोटाने भराभर पुढे-मागे सरकवा. जे हलतं, उड्या मारतं, नाहीसं होतं ते डोळ्यांत भरतं. मी असं करून एकदा एका फोटोत पंख्याचा हूक गेलेला पकडला, एकदा खिडकी बोटभर डावीकडे गेलेली. बीम तर हमखास जातो. अॅपला बीम आवडत नाहीत असं दिसतं. स्विचबोर्ड मोजा, खिडकीचे गज पाहा, दाराची बिजागरी कुठल्या बाजूला आहे ते पाहा.

काही वस्तू या दोन्हींच्या मधल्या असतात, आणि तिथेच नंतर भांडणं होतात: पंखे, एसी, गीझर, भिंतीत बसवलेलं कपाट, मॉड्युलर ओटा, पडद्यांचे रॉड. आपल्याकडे या गोष्टी बऱ्याचदा फ्लॅटबरोबर देतात, म्हणून चित्रात दिसल्या की घेणारा त्या हिशेबात धरतो. तेव्हा भिंतीला चिकटलेलं काहीही चित्रात नको. कपाट दाखवायचं तर सुटं, पायांचं. आणि लिस्टिंगमध्ये फर्निशिंगचा जो रकाना असतो तिथे 'अनफर्निश्ड' निवडलंय का ते स्वतः पाहा. सजवलेला फोटो आणि रकान्यात 'सेमी फर्निश्ड', ही जोडी मी पाहिलेली आहे.

तिसरी गोष्ट ओलीची, आणि ती सगळ्यांत महत्त्वाची. समजा भिंतीचा रंग खरा ठेवला, पलंगही मापाचा ठेवला, पण त्याचं उंच उसं बरोबर खिडकीखाली आलं. आता चित्रात एकही खोटी भिंत नाही, तरी डाग झाकलेला आहे. जाऊबाई म्हणतील, ही सजावटच की. पण तुम्हाला डाग ठाऊक आहे आणि वस्तू नेमकी त्याच्यापुढे ठेवलीय, तेव्हा ती सजावट राहत नाही.

कायदाही इथेच वेगळा होतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १७ मध्ये फसवणुकीची जी व्याख्या आहे, तिच्यात माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून झाकणं हा एक स्वतंत्र प्रकार आहे. आणि १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ विकणाऱ्यालाच सांगतं, की तुला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा मोठा दोष तू होऊन सांग. पावसाळ्यातली ओल याचं अगदी चपखल उदाहरण. मार्च-एप्रिलमध्ये घर पाहायला आलेल्या माणसाला कोरड्या, नुकत्या रंगवलेल्या भिंतीत काय दिसणार? खोटा पलंग त्याला खोलीत पाऊल टाकताच कळतो. करार कायद्याच्या कलम १९ मध्येही, साध्या चौकशीने खरं कळलं असतं तर करार मोडता येत नाही, अशी एक सूट विकणाऱ्याला मिळते. म्हणून नुसत्या चित्रातल्या सोफ्यावरून कुणी कोर्टात जाऊन फार काही मिळवेल असं मला वाटत नाही. ओलीची गोष्ट तशी नाही.

कुणीतरी तुम्हाला रेराचं नाव सांगेल. २०१६ च्या त्या कायद्यात खोट्या जाहिरातीवरून भरपाईचं कलम १२ आहे खरं, पण ते प्रकल्प विकणाऱ्या बिल्डरसाठी. नमुना फ्लॅटसुद्धा त्यात येतो. आईचा जुना फ्लॅट विकणाऱ्या तुम्ही त्या कलमात बसत नाही. तुमचा संबंध वरच्या दोन जुन्या कायद्यांशी. रक्कम मोठी आहे, तेव्हा करारनाम्याचा मसुदा वकिलाला दाखवालच, त्यांना हाही मुद्दा विचारा.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी ओल बाहेरून बंद करा. खिडकीखालीच डाग आहे म्हणजे बहुधा चौकटीभोवतीचा सांधा उघडलाय किंवा बाहेरच्या उंबऱ्याचा उतार आत आलाय. ते काम बाहेरचं आहे. आतून पुट्टी मारून रंग दिला तर तुम्ही अॅपचंच काम ब्रशने केलंत. दुरुस्तीनंतर भिंत पूर्ण वाळू द्या, लोणा खरवडा, मग रंग. आणि काही झालं तरी घेणाऱ्याला सांगा: कुठे ओल येत होती, किती वर्षं, काय काम केलं, कुणाकडून, बिल हे. दुरुस्तीनंतर एक पावसाळा गेलेला नसेल तर तेही सांगा. इंदूरचा माणूस जुन्या इमारतीत ओल असते हे जाणून असतो. तो भाव पाच-पंचवीस हजारांनी पाडून मागेल, इतकंच.

आता नवे फोटो. दिवसा, ट्यूब बंद, खिडकी उघडी. दारात उभं राहून 1x वर, फोन छातीच्या उंचीला, सरळ उभा, म्हणजे भिंतींच्या कडा तिरक्या होणार नाहीत. एका फोटोत अख्खी खोली येणार नाही. नको येऊ दे, दोन काढा. पलंगाची जागाही बदलू. उसं खिडकीला न लावता शेजारच्या ११ फुटी भिंतीला लावा. पलंगापुढे साडेतीन फूट राहतात. खिडकीसमोरच्या १० फुटी भिंतीला आतल्या कोपऱ्यात पाच फुटी सुटं कपाट, मग कपाट आणि पलंग यांत अडीच फूट, आणि पलंग व खिडकी यांत दीड फूट, तिथे एक साइड टेबल. दार दुसऱ्या कोपऱ्यात असेल तर ते मोकळं उघडतं. नसेल तर कपाट सरकवून पुन्हा मोजा. अशी मांडणी केली की खिडकीची भिंत चित्रात उघडी राहते. खालचा भाग पलंगामागे थोडा जाईलच, म्हणून त्या भिंतीचा एक साधा, रिकामा फोटो वेगळा द्या.

ब्रोकरला किंवा चित्र करणाऱ्याला मोजून तीन वस्तू सांगा. पलंग, एक टेबल, कपाट. स्टडी टेबल नाही. वस्तू कमी असल्या की अॅपची गल्लतही कमी होते. चित्र आलं की पुन्हा टाइल मोजा. सावल्यांवरही नजर टाका. खिडकीतून उजेड येतोय आणि टेबलाची सावली खिडकीकडेच पडतेय, असं चित्र घेणाऱ्याला का ते न कळताही खोटं वाटतं.

लिहायचं कुठे, हा तुमचा शेवटचा प्रश्न. खाली वर्णनात नाही, थेट फोटोवर. कारण वर्णन फोटोबरोबर प्रवास करत नाही. ब्रोकर तो फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकतो, तिथून दुसरा ब्रोकर उचलतो, आणि चौथ्या हातात जाईपर्यंत तुमची ओळ कुठेच नसते. फोटोच्या कोपऱ्यातही नको, छोट्या चौकटीत दाखवताना कडा कापल्या जातात. खालच्या बाजूला मधोमध, जमिनीवर, काळ्या पट्टीत पांढरी अक्षरं, फोन हातभर लांब धरून वाचता येतील एवढी मोठी. शब्द साधे. 'व्हर्च्युअली स्टेज्ड' लिहिलं तर निम्म्या लोकांना तो एखादा सजावटीचा ब्रँड वाटेल. गिऱ्हाईक हिंदीच वाचणार, तेव्हा असं लिहा:

'फर्नीचर काल्पनिक है, कमरा खाली है। कमरा 10 × 11 फ़ीट, चित्र में पलंग 5 × 6.5 फ़ीट।'

दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतं. खोटं आहे एवढंच सांगून थांबलं तर घेणारा मनातल्या मनात थोडं वजा करतो, किती ते त्यालाही कळत नाही. माप दिलं की चित्र पुन्हा उपयोगाचं होतं.

आणि आणखी एक करा, यावर मी अडून बसेन. सजवलेला फोटो एकटा देऊच नका. वर रिकामी खोली आणि खाली तीच सजवलेली, असं दोन्ही एकाच चित्रात जोडा. मोबाइलमध्ये कोलाज करतात तसं. ते चित्र कितीही ग्रुपांमधून फिरलं तरी दोन्ही भाग सोबतच जातात. लिस्टिंगचा पहिला फोटो मात्र हॉलचा, खरा, रिकामाच ठेवा.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२६ पासून घरविक्रीच्या जाहिरातींना जवळपास हेच बंधन घातलंय. फर्निचर घातलेला किंवा काढलेला फोटो असेल तर तसं स्पष्ट लिहायचं आणि मूळ फोटो पाहायची सोय द्यायची. उजेड वाढवणं, रंग जुळवणं, तिरका फोटो सरळ करणं, कडा कापणं याला ते बदल मानत नाहीत. तो नियम आपल्याला लागू नाही, पण सीमा कुठे आखावी यासाठी ती यादी मला पटते. तुमच्या हॉलचा फोटो काळोखा आला असेल तर उजळ करा, त्यासाठी काही लिहायची गरज नाही.

हे सगळं फार बारकाईचं वाटत असेल तर एक अनुभव सांगतो. मागे भाच्यासाठी विजयनगरकडे भाड्याचा फ्लॅट पाहायला गेलो होतो. फोटोत सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल होतं. प्रत्यक्ष त्या जागी बाल्कनीचं दार उघडत होतं, चार खुर्च्यांचंही टेबल बसेना. दाखवायला आलेला मुलगा म्हणाला, 'अंकल, फोटो तो आइडिया देने के लिए होता है.' आयडिया ठीक. पण मग तोच मुलगा म्हणाला की नर्मदेचं पाणी एक दिवसाआड नियमित येतं, आणि माझा त्याच्यावर विश्वासच बसेना. मी खाली उतरून चौकीदाराला विचारलं, किराणावाल्याला विचारलं. पाण्याचं तो खरंच बोलत होता. घर तरी आम्ही घेतलं नाही. बाकीचं किती तपासायचं?

तुमच्या बाबतीत धोका जास्त आहे तो बाहेरगावच्या गिऱ्हाइकाचा. आजकाल मुलगा बेंगळुरूला बसून फोनवर फ्लॅट पसंत करतो, आई-वडील इथे राहणार असतात, आणि 'हातचा जाऊ नये' म्हणून टोकन आधी पाठवतो. घर न पाहता आलेला बयाना घेऊ नका. आधी दारापासून गॅलरीपर्यंत, न थांबवता, एका दमात काढलेला व्हिडिओ पाठवा, ओलीची भिंत त्यात दाखवा, आणि 'फोटोतलं फर्निचर काल्पनिक आहे, व्हिडिओ पाहिला' असं त्याच्याकडून लेखी उत्तर घ्या. करारनाम्यातही फ्लॅट रिकामा देत आहोत हे आणि सोबत काय राहणार त्याची यादी लिहा, तीन पंखे तर तीन पंखे, एक गीझर तर एक.

ब्रोकरशी वाद घालू नका, त्याचंही पोट त्यावर आहे आणि फोटो त्याने तुमच्या भल्यासाठीच केला. फक्त व्हॉट्सअॅपवर लिहून कळवा, तोंडी नको. मी असं लिहिलं असतं: 'भैया, पीछे के बेडरूम वाला सजा हुआ फोटो हटा दीजिए, जिन ग्रुप में डाला है वहाँ से भी। उसमें दीवार का रंग और पलंग की नाप ग़लत है। नया फोटो मैं भेज रही हूँ, वही डालिए, उस पर लिखी लाइन मत काटिए। खिड़की के नीचे की सीलन पार्टी को मैं ख़ुद बताऊँगी।'

जुने फोटो सगळीकडून निघतील असं समजू नका. एकदा ग्रुपमध्ये गेलेला फोटो महिनाभराने कुठून तरी परत येतोच. म्हणून कुणी फ्लॅट पाहायला आलं की आधी विचारा, 'तुम्ही कोणता फोटो पाहिलात?' हिरव्या भिंतीचा म्हणाले, तर मागच्या खोलीकडे नेण्याआधी दारातच सांगून टाका.